मुंगो म्हणजे मूग नव्हे

«ताई, शेतीच्या परीक्षेला ७५ दिवस राहिलेत. पिकांची शास्त्रीय नावं, कुळं आणि आकडे डोक्यात टिकतच नाहीत. यमक जुळवून चाळीसेक वाक्यं केली, ती पाठही झाली, पण पेपरात वाक्य आठवतं आणि त्यातल्या अक्षरामागचं नाव आठवत नाही. मागच्या सराव पेपरात मुगाला व्हिग्ना मुंगो लिहून आले. सटायव्हा की सटायव्हम, अॅन्युअस की अॅन्युअम, यात तर दर वेळी गडबडते. रोज दोन तास घोकते आणि आठवड्याने पाटी कोरी. काय करू?»

व्हिग्ना मुंगो हा उडीद. मूग म्हणजे व्हिग्ना रेडिएटा. नावात मूग ऐकू येतो आणि पीक निघतं उडीद, त्यामुळे ही चूक नेमकी अभ्यास केलेली मुलंच करतात. ज्यानं काहीच वाचलेलं नाही, तो ती जागा रिकामी सोडतो. तुमची स्मरणशक्ती कच्ची नाही. तुमचा पाय जिथे घसरतो तिथे तुम्ही खूण केलेली नाही, एवढंच.

या एका जोडीसाठी मी मुलांना चार शब्द देते: «मुंगो, मूग न गो.» पेपरात मुंगो दिसलं की हे वाक्य आपोआप ओठांवर येतं आणि हात थांबतो. चांगल्या क्लृप्तीचं काम इतकंच असतं. तिनं पूर्ण यादी पाठ करून द्यायची नसते, नेमक्या चुकीच्या क्षणी हात धरायचा असतो. तुमची चाळीस वाक्यं आद्याक्षरांवर बांधलेली दिसतात. पिकांच्या नावांत ती पद्धत फार लंगडी पडते, कारण एकट्या «स»वर सॉर्घम, सॅकॅरम, सोलॅनम, सेसॅमम आणि सिकेल अशी रांग उभी राहते. वाक्यानं फक्त «स» दिला, पुढचं तुम्हाला आधीच येत असलं पाहिजे. म्हणून वाक्य आठवतं आणि नाव येत नाही. ती वाक्यं आता बाजूला ठेवा. दुरुस्त करत बसायलाही वेळ देऊ नका.

त्याऐवजी आधी नावाचा अर्थ शोधा. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाबद्दलचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ते प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले होते आणि पाठ करायला मुद्दाम निरर्थक अक्षरं घेतली होती, म्हणजे अर्थाचा आधार मिळू नये. ती अक्षरं एका दिवसात बरीचशी पुसली जात. अर्थ न कळलेलं शास्त्रीय नाव तुमच्यासाठी तसंच निरर्थक अक्षर आहे. त्याला अर्थ मिळाला की निम्मं काम झालं.

हरभऱ्याचा एक दाणा हातात घ्या आणि बाजूनं बघा. पुढे वळलेली चोच, मागे दोन गोल फुगवटे. लॅटिनमध्ये एडक्याला «अॅरिएस» म्हणतात, आणि वळलेल्या शिंगांच्या एडक्याच्या डोक्यासारखा म्हणून हरभरा सायसर अरिएटिनम. एकदा तो एडका दिसला की हरभऱ्याचं नाव घोकावं लागत नाही. भुईमुगाच्या अरॅकिस हायपोजियामध्ये «हायपो» म्हणजे खाली आणि «जिया» म्हणजे जमीन, म्हणजे आपण मराठीत भुई म्हणतो तेच. करडईचा कार्थॅमस टिंक्टोरियस रंगाऱ्याचा, कारण तिच्या पाकळ्यांतून रंग काढत. जवसाच्या लायनम युसिटॅटिसिममचा अर्थ «सर्वात उपयोगी». तेलही देतं आणि धागाही. मुगाच्या रेडिएटाचा अर्थ किरणांसारखं पसरलेलं. मुगाच्या शेंगांचा घोस देठाच्या टोकाला चहूकडे कसा फाकलेला असतो, तो एकदा शेतात किंवा चित्रात नीट पाहा आणि मग कार्ड लिहा.

आता सटायव्हा-सटायव्हमचा गोंधळ. हा तर मराठी माणसाला पडायलाच नको, कारण लॅटिनलाही आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. दुसरा शब्द विशेषण असेल, तर तो पहिल्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. आपण पेरलेला, पेरलेली, पेरलेलं म्हणतो. लॅटिनमध्ये त्याचंच सटायव्हस, सटायव्हा, सटायव्हम होतं, आणि अर्थही जवळपास तोच: पेरलेलं, लागवडीतलं. मुळा रॅफेनस, पुल्लिंगी, म्हणून रॅफेनस सटायव्हस. भात ओरायझा, स्त्रीलिंगी, म्हणून ओरायझा सटायव्हा. वाटाणा पायसम, नपुंसकलिंगी, म्हणून पायसम सटायव्हम. लसणीचं अॅलियम सटायव्हम, धन्याचं कोरिअँड्रम सटायव्हम, ओटचं अॅव्हेना सटायव्हा. पहिल्या शब्दाचा शेवट ऐका, दुसऱ्याचा शेवट त्याच्याशी जुळतो. काळी मिरी पायपर नायग्रम, काळी मोहरी ब्रॅसिका नायग्रा. मिरी आणि मोहरी मराठीत दोन्ही स्त्रीलिंगी आहेत हे इथे विसरा. लिंग लॅटिन शब्दाचं बघायचं.

अॅन्युअसचं कोडंही याच किल्लीनं सुटतं. सूर्यफूल हेलिअँथस, म्हणून अॅन्युअस. मिरची कॅप्सिकम, म्हणून अॅन्युअम. दोन्हींचा अर्थ «वर्षायू», एका वर्षात आयुष्य संपवणारं. रोमन लिपीत या दोन्ही शब्दांत दोन यू लागोपाठ येतात, आणि मुलं हमखास एक गाळतात. मूळ शब्दातला एक यू आणि प्रत्ययातला दुसरा, हे कळलं की स्पेलिंगही चुकत नाही.

मुगाच्या नावात हा नियम प्रत्यक्ष काम करताना दिसतो. लिनियसनं १७५३ मध्ये मुगाला फेसिओलस रेडिएटस म्हटलं होतं. फेसिओलस पुल्लिंगी. पुढे मूग व्हिग्ना या प्रजातीत गेला, व्हिग्ना स्त्रीलिंगी, म्हणून रेडिएटसचं रेडिएटा झालं. उडीदही फेसिओलसमधूनच व्हिग्नात आला, पण त्याचं मुंगो होतं तसंच राहिलं, कारण मुंगो हे विशेषण नाही, नाम आहे. आपणही «चांगला»चं «चांगली» करतो, पण नामाला हात लावत नाही.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि परीक्षेत तो नडतो. लॅटिनमध्ये कित्येक झाडांची नावं «अस»नं संपत असूनही स्त्रीलिंगी असतात. अंजीर फायकस कॅरिका, तुती मोरस आल्बा, नाशपाती पायरस कम्युनिस. म्हणून पहिला शब्द «अस»नं संपला की आधी स्वतःला विचारायचं: हे झाड आहे का? झाड असेल तर दुसरा शब्द बहुधा «आ»नं संपणार. कम्युनिससारखी «इस»वाली विशेषणं पुल्लिंगात आणि स्त्रीलिंगात सारखीच राहतात, त्यांची चिंता नको. आणि सायसर किंवा अरॅकिससारख्या शब्दांचा शेवट लिंग सांगतच नाही. ती नावं जशीच्या तशी लक्षात ठेवावी लागतात. अशी थोडीच आहेत.

कुळांबद्दल थोडक्यात. आठ कुळांना दोन-दोन नावं आहेत आणि दोन्ही ग्राह्य आहेत. नवीन नाव त्या कुळातल्या एका प्रजातीवरून येतं, जुनं नाव रूप सांगतं. म्हणून लक्षात ठेवायला जुनं नाव सोपं. मोहरीच्या फुलाच्या चार पाकळ्या क्रूसासारख्या, म्हणून क्रूसिफेरी, नवीन नाव ब्रॅसिकेसी. धन्याचा फुलोरा छत्रीसारखा, म्हणून अंबेलिफेरी, नवीन नाव एपिएसी. एकाच कार्डावर दोन्ही लिहा, कारण पर्यायांत कुठलं येईल सांगता येत नाही. काही पिकांची नावंही बदलली आहेत. टोमॅटो पूर्वी लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम होता, आता सोलॅनम लायकोपर्सिकम. अशा वेळी तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकातलं नाव समोर लिहा, दुसरं मागे कंसात.

अर्थ किंवा रूप काहीच हाताशी लागत नाही तिथेच क्लृप्ती बांधा. तीळ पेडॅलिएसी कुळातला, आणि त्या कुळातलं दुसरं पीक परीक्षेत सहसा येत नाही. मी तिथे «पेडलला तिळाचं तेल» असं चित्र डोळ्यांसमोर ठेवते: करकरणारं पेडल, त्यावर तेलाचा थेंब. त्यात तीळही आला, तेलबियाही आल्या आणि कुळही. तुम्ही स्वतः बांधलेलं चित्र यापेक्षा जास्त टिकेल, मग ते दुसऱ्याला कितीही विचित्र वाटो.

आकड्यांसाठीही घोकण्याआधी रचना शोधा. मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मोहरीच्या घराण्याचं आहे. सहा जातींची गुणसूत्रं विचारतात आणि मुलं सहा आकडे सुटेसुटे पाठ करतात. नागाहारू यू या संशोधकानं १९३५ मध्ये त्यांच्यातलं नातं दाखवलं. मूळच्या जाती तीन: नायग्रा, म्हणजे काळी मोहरी, गुणसूत्रं १६. ओलेरेसिया, म्हणजे कोबी-फुलकोबी, १८. रापा, म्हणजे सलगम आणि तोरिया, २०. उरलेल्या तीन जाती यांच्याच संकरातून झाल्या, आणि दोन्ही बाजूंचे पूर्ण संच एकत्र आले, म्हणून आकड्यांची सरळ बेरीज होते.

आता ही तीन नावं रोमन वर्णक्रमानं लावा: एन, ओ, आर. आकडे त्याच क्रमानं चढतात, १६, १८, २०. संकरातून झालेल्या तिन्ही जातीही वर्णक्रमानं लावा: सी म्हणजे कॅरिनाटा, जे म्हणजे जुन्सिया, एन म्हणजे नापस. त्यांचे आकडेही त्याच क्रमानं चढतात, ३४, ३६, ३८. बेरीज करून पडताळा. १६ आणि १८ मिळून ३४, कॅरिनाटा. १६ आणि २० मिळून ३६, जुन्सिया, म्हणजे आपली नेहमीची मोहरी. १८ आणि २० मिळून ३८, नापस. सहा आकड्यांसाठी तुम्हाला एकच आकडा लक्षात ठेवायचा आहे, १६, आणि दोनदोनानं चढायचं आहे. शिवाय «जुन्सियाचे पालक कोण» असा प्रश्न आला, तर ३६ कुठल्या दोघांच्या बेरजेतून येतात ते बघायचं. हेच खरं पाठांतर, कारण चूक झाली तर बेरीज जुळत नाही आणि तुम्हाला तिथल्या तिथे कळतं.

हेक्टरी बियाण्याचे आकडे याच पद्धतीनं दाण्याच्या आकारावर टांगा. टेबलावर तीळ, मोहरी, मूग, हरभरा आणि भुईमुगाचे दाणे लहान ते मोठे असे मांडा. बियाण्याची मात्राही साधारण त्याच क्रमानं वाढते: मोहरीला पाचेक किलो, तर भुईमुगाला शंभराच्या आसपास. वाण आणि पेरणीच्या अंतरानुसार हे आकडे हलतात, म्हणून तुमच्या पुस्तकातला पल्ला लिहा. पण क्रम डोळ्यांसमोर असेल तर पर्यायांतले दोन तरी लगेच बाद होतात.

आता पाटी कोरी का होते ते. तुम्ही दोन तास घोकता म्हणजे बहुतेक तीच यादी पुन्हा पुन्हा वाचता. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं असा समज होतो. पेपरात मात्र कोऱ्या जागेवर नाव काढायचं असतं. म्हणून उजळणी म्हणजे वाचणं नव्हे, आधी लिहून काढणं आणि मग पडताळणं.

एक रिकामं खोकं घ्या, त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. कार्ड पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं, आणि एका कार्डावर एकच प्रश्न. «हरभरा: नाव, कुळ, गुणसूत्रं» असं एकत्र लिहिलं की दोन बरोबर आणि एक चूक होतं, मग ते कार्ड कुठे ठेवायचं कळत नाही. पहिल्या कप्प्यातलं कार्ड दुसऱ्या दिवशी काढायचं. लिहिल्या दिवसापासून मोजलं तर पुढच्या उजळण्या तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी येतात. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की थेट पहिल्यात, मग ते चौथ्या कप्प्यातून का पडलं असेना. एका अक्षरानं स्पेलिंग चुकलं तरी चूकच धरा. कार्डाच्या कोपऱ्यात पुढची तारीख पेन्सिलीनं लिहा, म्हणजे रोज शोधत बसावं लागत नाही.

तुमच्या ७५ दिवसांचा हिशेब असा. ९६ पिकं धरली आणि प्रत्येकी तीन कार्डं, तर २८८ कार्डं होतात. रोज आठ नवीन घेतली तर ३६ दिवसांत सगळी खोक्यात येतात. शेवटच्या दिवशी लिहिलेल्या कार्डांची तिसाव्या दिवसाची उजळणी सहासष्टाव्या दिवशी संपते. नऊ दिवस हातात उरतात. ऐन भरात रोज आठ नवीन आणि चाळीसेक जुनी कार्डं येतील. प्रत्येकी पंधरा सेकंद धरली तर बारा मिनिटं, पडलेली कार्डं आणि नवीन लिहिणं धरून अर्धा तास. उरलेला दीड तास पीकशास्त्राच्या इतर भागाला द्या.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली: तिसऱ्या कप्प्यातली दहापैकी चार-पाच कार्डं रोज पडत असतील, तर तुम्ही नवीन जास्त घेताय. दोन दिवस नवीन बंद ठेवा, फक्त जुनी फिरवा. दुसरी: तेच कार्ड तिसऱ्यांदा पडलं तर ते पुन्हा घोकू नका. ते कार्डच वाईट लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ शोधा, चित्र बदला किंवा प्रश्न फोडा. माझ्या जुन्या गठ्ठ्यात जवसाचं एक कार्ड आहे, त्यावर तीन वेळा खोडलेलं दिसतं. युसिटॅटिसिमममध्ये किती टी आणि किती एस, हे मला जमत नव्हतं. शेवटी मी शब्द तोडून चार तुकड्यांत लिहिला आणि प्रत्येक तुकड्याखाली रेघ ओढली, मग ते कार्ड पुन्हा पडलं नाही.

कार्ड दोन्ही बाजूंनी चालवा. एक दिवस पिकावरून नाव लिहायचं, दुसऱ्या फेरीत नावावरून पीक ओळखायचं. मुगाची चूक दुसऱ्या बाजूनंच पकडीत येते, कारण मुंगो समोर ठेवल्यावर «मूग» म्हणायचा मोह तिथेच होतो.

आणि फसव्या जोड्या एकाच दिवशी कधीही घेऊ नका. मूग-उडीद, सूर्यफूल-मिरची, नापस आणि नायग्रा अशी एकमेकांसारखी नावं एकत्र शिकली की ती एकमेकांना खातात. एक आधी पक्कं होऊ द्या. दुसरं किमान आठवड्यानं आणा. दोन्ही तिसऱ्या कप्प्यात पोचली की एक जोडकार्ड करा, ज्यावर एवढंच असेल: «रेडिएटा आणि मुंगो, कोण कोण?»

आज आठ कार्डं लिहा, त्यात मुगाचं पहिलं. उडदाचं कार्ड आज लिहू नका. कॅलेंडरवर नवव्या दिवसाखाली «उडीद» एवढंच लिहून ठेवा.